रिफंड अडतो तेव्हा पैसे नक्की कुठे असतात?

प्रतिक्रिया: "लेख वाचला. तुमच्या मते रिफंड फेल झाला तर चूक विक्रेत्याची, कारण त्याने शिल्लक ठेवली नाही. माझ्या बँक खात्यात भरपूर पैसे होते, तरी गेटवेने 'अपुरी शिल्लक' म्हणून सतरा रिफंड नाकारले. रोज त्याच खात्यात पैसे टाकतात, मग तिथून घ्यायला काय झालं? आणि मुदत संपली म्हणून नकार देणं म्हणजे तर ग्राहकाचे पैसे सरळ गिळणं. उगाच गेटवेची वकिली करताय."

उत्तर:

वकिलीचा आरोप अर्धा मान्य. त्या लेखात मी 'शिल्लक' हा एकच शब्द सगळीकडे वापरला आणि ती कुठली शिल्लक हे सांगितलंच नाही. चूक माझी. आता नीट लिहितो.

गेटवे म्हणजे ग्राहकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्यापर्यंत पोचवणारी कंपनी. ग्राहकाने पैसे भरले की ते आधी गेटवेकडच्या तुमच्या खात्यात दिसतात. गेटवे त्यातून आपलं शुल्क कापतो आणि एक-दोन कामाच्या दिवसांनी, कुठे आणखी उशिरा, उरलेली रक्कम तुमच्या बँकेत पाठवतो. हे सेटलमेंट. एकदा सेटलमेंट झालं की गेटवेच्या वहीत ती रक्कम संपली. रिफंड जातो तो या वहीतल्या उरलेल्या रकमेतून, म्हणजे ज्या विक्रीचं सेटलमेंट अजून व्हायचं आहे तिच्यातून. तुमचा बँक बॅलन्स तिथे मोजलाच जात नाही. काही गेटवे तर आजची विक्रीसुद्धा धरत नाहीत. ती 'पेंडिंग' असते, आणि रिफंडला फक्त 'उपलब्ध' रक्कम चालते. म्हणून डॅशबोर्डवर मोठा आकडा दिसत असतानाही नकार येऊ शकतो.

आता 'तिथून घ्यायला काय झालं'. तुम्ही गेटवेला खाते क्रमांक दिलात तो पैसे टाकण्यासाठी. काढण्यासाठी वेगळी परवानगी लागते, ती प्रत्येक करारात नसते. जिथे असते तिथे गेटवे बँकेतून वळते करूनही घेतात, हे खरं. पण अशी वसुली व्हायला काही दिवस लागतात आणि ती परतही येऊ शकते. तोवर ग्राहकाला पैसे द्यायचे तर गेटवेला स्वतःच्या खिशातून द्यावे लागतील. म्हणजे ते तुम्हाला दिलेलं कर्ज झालं. ज्या विक्रेत्याकडे एकदम शेकडो रिफंड निघतात त्याचा धंदा बऱ्याचदा त्याच वेळी बसत असतो, तेव्हा हे कर्ज द्यायला कोणी उत्सुक नसतं. माझी तक्रार वेगळी आहे: नकाराच्या संदेशात 'अपुरी शिल्लक' एवढंच लिहितात, कुठली शिल्लक ते लिहीत नाहीत. तुमची चीड तिथे रास्त आहे.

एक उदाहरण घेऊ. चलन कोणतंही धरा. एका संस्थेने कार्यशाळेसाठी १० जानेवारी २०२५ या एकाच दिवशी १०० जणांकडून प्रत्येकी १,००० घेतले. एकूण १,००,०००. शुल्क २ टक्के, म्हणून बँकेत आले ९८,०००. कार्यशाळा २ ऑगस्टला होती. १ जुलैला ती रद्द झाली.

सगळ्यांना पूर्ण पैसे परत द्यायचे तर लागणार १,००,०००. मूळ शुल्क बहुतेक गेटवे परत देत नाहीत, त्यामुळे त्या विक्रीतून आलेला पैसा न पैसा जपून ठेवला असता तरी २,००० कमीच पडले असते. हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. त्या दिवशी संस्थेची दुसरी काही विक्री झाली होती, शुल्क वजा जाता गेटवेकडे १४,७०० उपलब्ध होते. संस्थेने यादी लावून रिफंड सुरू केले. चौदा गेले. उरले ७००. पंधराव्याला नकार, आणि पुढच्या पंच्याऐंशींनाही. यादीत मध्येच कोणाचा ५०० चा अर्धवट रिफंड असता तर तो मात्र गेला असता, आणि मग 'काही होतात, काही होत नाहीत, सिस्टीमच बिघडलीय' असा समज झाला असता. तुमच्या सतरांच्या बाबतीत एकदा रकमा लावून पाहा. नाकारलेले सगळे त्या वेळच्या उरलेल्या रकमेपेक्षा मोठे निघाले, तर बिघाड कुठेच नव्हता.

इथे उपाय एकच: उरलेले ८५,३०० गेटवेकडे भरायचे. बहुतेक ठिकाणी त्यासाठी डॅशबोर्डवर पैसे भरण्याची सोय असते, नाहीतर सपोर्टकडून खाते क्रमांक मागून बँकेतून पाठवावे लागतात. त्याआधी रोजचं आपोआप होणारं सेटलमेंट थांबवून घ्या. नाहीतर दिवसा जमा झालेली विक्री रात्री बँकेत निघून जाते आणि सकाळी पुन्हा खडखडाट. संस्थेने यातलं काहीच केलं नाही. 'नवीन विक्री येईल तसे देत जाऊ' असं ठरवलं.

नकार आल्यावर बटण पुन्हा दाबायचं की नाही, हे गेटवे कसा वागतो त्यावर आहे. काही गेटवे विनंती जागच्या जागी फेटाळतात. रिफंडचा क्रमांक तयारच होत नाही, मागे काही उरत नाही, पैसे भरून पुन्हा विनंती करायची. काही मात्र विनंती स्वीकारतात आणि रांगेत ठेवतात. स्ट्राइप या गेटवेच्या बाबतीत शिल्लक कमी असेल तर रिफंड असा दिसू शकतो:

```
{
  "object": "refund",
  "amount": 100000,
  "status": "pending"
}
```

(इथला `amount` चलनाच्या सर्वांत लहान एककात असतो, म्हणून १,००० रुपयांचे `100000`. दोन शून्यं विसरून १,००० ऐवजी १० परत करणारे लोक मी पाहिलेत.) असा `pending` रिफंड मेलेला नसतो. खात्यात पुरेशी रक्कम आली की तो आपोआप निघतो. आणि घोटाळा नेमका इथेच होतो. ग्राहक तगादा लावतो, विक्रेता वैतागून त्याला बँकेतून थेट पैसे पाठवतो, आणि चार दिवसांनी विक्री चांगली झाली की रांगेतला जुना रिफंडही सुटतो. एकाच माणसाला दोनदा पैसे. दुसरीकडून द्यायचेच असतील तर आधी रांगेतला रिफंड रद्द करता येतो का ते पाहा. येत नसेल तर थांबा.

आता रिफंडची मुदत. गिळण्याचं म्हणाल तर त्या वेळी पैसे गेटवेकडे नसतातच. सेटलमेंट कधीच झालेलं असतं, पैसे विक्रेत्याकडे असतात. मुदत संपली म्हणजे गेटवेमार्फत परत पाठवायची वाट बंद झाली. ग्राहकाचं देणं विक्रेत्याच्या डोक्यावर तसंच राहतं. पैसे भरण्याच्या प्रत्येक साधनाची मुदत वेगळी. पेपाल या वॉलेटमध्ये पैसे भरल्यापासून १८० दिवस. थेट बँक खात्यातून वळत्या होणाऱ्या काही पद्धतींनाही अशी मर्यादा असते. कार्डाचं गणित सैल आहे: जुन्या व्यवहाराचा रिफंडही बऱ्याचदा जातो, कार्डाची तारीख संपून नवीन कार्ड आलं असेल तरी बँक तो सहसा त्याच ग्राहकाच्या खात्याला लावते. पण खातंच बंद झालं असेल तर रक्कम फिरून येते आणि रिफंड काही दिवसांनी `failed` होतो. म्हणून 'रिफंड केला' एवढ्यावर फाइल बंद करू नये.

महत्त्वाचं म्हणजे ही मुदत मोजतात पैसे भरल्याच्या तारखेपासून. वस्तू कधी मिळाली, कार्यक्रम कधी होता, रद्द कधी झाला, याचा संबंध नाही. आपल्या संस्थेच्या १०० जणांत १२ जणांनी १८० दिवसांच्या मर्यादेतलं वॉलेट वापरलं होतं असं धरा. १० जानेवारीपासून १८० दिवस भरतात ९ जुलैला. रद्द झालं १ जुलैला, म्हणजे हातात आठ दिवस होते. संस्थेने यादी आडनावांच्या क्रमाने लावली होती आणि पैसे येतील तसे रिफंड सोडत होती. हे बारा जण नेमके शेवटी राहिले. त्यांचा नंबर लागला १२ जुलैला. शिल्लक होती, तीन दिवस उशीर झाला होता. एका कारणाने अडलेले रिफंड दुसऱ्या कारणाने बाद झाले, आणि डॅशबोर्डवर आधीचा नकार 'अपुरी शिल्लक', नंतरचा 'मुदत संपली'. पाहणाऱ्याला वाटतं गेटवे बहाणे बदलतोय.

यादी लावायची तर आडनावाने नाही, मुदत संपण्याच्या तारखेने. पैसे भरल्याची तारीख आणि साधन असे दोन रकाने घ्या, ज्याची वाट आधी बंद होणार तो सर्वांत वर. वरच्या उदाहरणात १ जुलैच्या त्या १४,७०० मधून बाराही जण पहिल्याच दिवशी सुटले असते. कार्डवाले अठ्ठ्याऐंशी थोडे थांबू शकले असते.

थोडेच मात्र. ग्राहकाने कार्डाच्या बँकेकडे तक्रार करून पैसे परत मिळवण्याची, म्हणजे चार्जबॅकची, मुदत वेगळ्या तारखेपासून मोजतात. व्हिसाच्या नियमात सेवा मिळाली नाही तर ग्राहकाला १२० दिवस असतात, आणि ते सेवा मिळण्याच्या अपेक्षित तारखेपासून धरता येतात, मूळ व्यवहारापासून कमाल ५४० दिवसांपर्यंत. कार्यशाळा २ ऑगस्टला होती, म्हणजे ग्राहक नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत तक्रार करू शकतो. तुमचा गेटवे कार्डालाही सहा महिन्यांची मर्यादा लावत असेल, तर तुम्ही रिफंड देऊ शकत नाही पण ग्राहक चार्जबॅक करू शकतो असे कित्येक महिने निघतात. मुदतीवर रागवायचंच असेल तर या विसंगतीवर रागवा, मीही तुमच्या बाजूने आहे.

त्या बारा जणांना पैसे द्यायचे राहतातच. ते बँकेतून थेट द्यावे लागतील. खातं पैसे भरणाऱ्याच्याच नावाचं असावं. मेलवर 'माझ्या मित्राच्या खात्यात टाका' असं आलं तर नाही म्हणा, चोरलेल्या कार्डाने भरलेले पैसे स्वच्छ करून घ्यायची ती जुनी युक्ती आहे. पाठवताना मूळ व्यवहाराचा क्रमांक शेऱ्यात लिहा आणि मिळाल्याची लेखी पोच ठेवा. हा व्यवहार गेटवेला दिसत नाही. त्याच्या वहीत ते १,००० अजूनही न परतवलेलेच असतात, आणि पुढे कोणी तक्रार केलीच तर ती पोच सोडून तुमच्या हातात काही नसतं.

तुमच्या सतरांपैकी किती जणांची वाट अजून उघडी आहे? साधन आणि तारीख कळवलीत तर क्रम लावून देतो.