पक्षावरून स्थळं नाकारू नका

‘शुक्ल पक्षात जन्मलेली माणसं मोकळी, हसतमुख असतात. कृष्ण पक्षातली आतल्या गाठीची, उदास, चिडकी. एक शुक्लातला आणि दुसरा कृष्णातला असेल तर दोघांचं कधी पटत नाही. गुण जुळवण्याआधी पक्ष बघा, तोच पाया आहे.’

मी बरीच वर्षं पत्रिका मांडतो आणि हा मजकूर दाखवत येणारी माणसं आता दर आठवड्याला भेटतात. परवा एक गृहस्थ आले. मुलीसाठी चांगलं स्थळ आलं होतं, पण मुलाकडच्यांनी ‘मुलगी कृष्ण पक्षातली, आमचा मुलगा शुक्लातला’ एवढ्यावरून निरोप पाठवला होता. मुलीचे वडील मात्र सांगत होते, ‘अहो, ती पौर्णिमेची आहे. कॅलेंडरवर तसंच छापलंय.’

दोघंही आपापल्या परीने बरोबर होते. कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत जी तिथी छापलेली असते ती सूर्योदयाच्या वेळची. ती दिवसभर टिकेलच असं नाही. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर, दर बारा अंशांना एक. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने ती कधी वीस तासांत संपते, कधी सव्वीस तास चालते, आणि सकाळी, दुपारी, मध्यरात्री केव्हाही बदलते. या मुलीचा जन्म रात्री अकरा चाळीसचा. पौर्णिमा त्या संध्याकाळी सातच्या सुमारास संपली होती. जन्मवेळी सूर्य मेषेच्या १० अंशांवर, चंद्र तुळेच्या १२ अंश २० कलांवर. म्हणजे चंद्र सूर्यापासून १८२ अंश २० कला पुढे. १८० ओलांडले की वद्य प्रतिपदा लागते, म्हणून मुलगी कृष्ण पक्षातली, साडेचार तासांनी.

आता ज्या उजेडाच्या जोरावर हे सगळं सांगितलं जातं, तो उजेड मोजून बघू. त्या रात्री चंद्रबिंब जवळजवळ शंभर टक्के प्रकाशित होतं. अंगणात उभं राहिलेल्या कुणालाही ती पौर्णिमाच वाटली असती. मुलाचा जन्म शुद्ध द्वितीयेचा, चंद्र सूर्यापासून जेमतेम १५ अंशांवर. बिंबाचा दोन टक्केही भाग उजळलेला नव्हता. सूर्यास्तानंतर साधारण तासाभरात मावळणारी ती बारीक कोर. तरी त्या मजकुराच्या हिशेबात हा मुलगा उजेडाचा आणि ही मुलगी अंधाराची!

चूक इथेच आहे. शुक्ल आणि कृष्ण ही नावं चंद्र वाढतोय की घटतोय हे सांगतात, किती उजळला आहे ते सांगत नाहीत. वद्य तृतीयेच्या मध्याला बिंबाचा ९३ टक्के भाग प्रकाशित असतो, शुद्ध तृतीयेच्या मध्याला फक्त सात टक्के. जुन्या जाणकारांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून चंद्राचं बळ काढताना ते पक्षाचं नाव बघत नाहीत, सूर्यापासूनचं अंतर बघतात. अंतर १८० अंशांपेक्षा जास्त असेल तर ते ३६० मधून वजा करायचं आणि येईल त्याला तीनने भागायचं. यालाच पक्षबल म्हणतात, आणि ते जास्तीत जास्त ६० येतं. या मुलीचं ५९ आलं, मुलाचं ५. ज्याला क्षीण चंद्र म्हणतात तो अमावास्येच्या दोन्ही बाजूंना असतो. एक बाजू वद्यात पडते, दुसरी शुद्धात. तेव्हा परंपरेच्याच मापाने मोजायचं ठरवलं, तरी मजकुरातला निष्कर्ष इथे बरोबर उलटा होतो.

पाया असल्याचा मुद्दा त्याहून सरळ आहे. छत्तीस गुण ज्या आठ कूटांचे असतात ती म्हणजे वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट आणि नाडी. ही आठही चंद्राच्या राशी-नक्षत्रावरून निघतात. सूर्य त्यात कुठेच येत नाही, आणि सूर्याशिवाय तिथी निघत नाही. समजा दोन मुलींचा चंद्र स्वातीत अगदी एकाच अंशावर आहे, पण एक चैत्रातली आणि दुसरी आश्विनातली. एकीची तिथी पौर्णिमेजवळची, दुसरीची अमावास्येजवळची. कुठल्याही मुलाशी जुळवा, दोघींचे गुण सारखेच येतील. स्वभावाचा विचार तिथे गणावरून आणि ग्रहमैत्रीवरून होतो. आपल्या या जोडीत मुलाचं नक्षत्र पुनर्वसू, रास मिथुन. मुलीचं स्वाती, तूळ. दोघांचा देवगण, राशिस्वामी बुध आणि शुक्र परस्परमित्र, नाडी वेगळी. तिन्हींचे पूर्ण गुण मिळतात. परंपरेने शंका काढावी अशी मोठी जागा एकच, भकूटातलं नवपंचक, म्हणजे दोघांच्या राशी एकमेकींपासून पाचव्या-नवव्या येणं, आणि तिथेही राशिस्वामी मित्र असले की बरेचजण तो दोष धरत नाहीत.

मग ही भीती आली कुठून? जातकग्रंथांत तिथींची आणि पक्षांची फळं दिलेली आहेत, हे मी नाकारत नाही. वद्य चतुर्दशी आणि अमावास्येच्या जन्माला शांती करण्याचा प्रघातही आहे. पण ती जन्मानंतर, त्या बाळासाठी करायची शांती. तिला विवाहातला दोष कुणी केलं नव्हतं. कुणीतरी या दोन गोष्टी एकत्र बांधल्या आणि चतुर्दशीची धास्ती अख्ख्या पंधरवड्यावर पसरवली.

स्वभावाचं म्हणाल, तर चंद्राच्या कलेवरून माणूस उदास की आनंदी ते ठरतं याला कसलाही पुरावा नाही, आणि हे मी पत्रिका मांडणारा असून सांगतो. जगातली निम्मी माणसं वद्यात जन्मतात. श्रीकृष्णाचा जन्म आपण श्रावण वद्य अष्टमीला साजरा करतो आणि त्याला कुणी आतल्या गाठीचा, रडका म्हणत नाही. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद तर या बाबतीत फार बोलका आहे. एक परंपरा सांगते वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. दुसरी सांगते फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, जी राज्य सरकारने मान्य केली. एक तिथी शुद्धातली, एक वद्यातली. इतिहासकार वर्षानुवर्षं कागदपत्रं आणि शकावल्या घेऊन भांडले. महाराजांचा स्वभाव पक्षाला इतका बांधलेला असता तर स्वभावावरूनच निकाल लागला असता. तसं कुणी सुचवलंही नाही, कारण स्वभाव दोन्ही तिथींना तोच राहतो.

कुणाला तिथी बघायचीच असेल तर निदान नीट बघा. जन्मवेळ आणि पंचांगात त्या दिवशी तिथी संपण्याची वेळ शेजारी ठेवा. मध्यरात्र ते सूर्योदय या वेळेतला जन्म असेल तर तारीख पुढची, पण पंचांगाचा दिवस आदल्याचा असतो. तिथे हमखास घोळ होतो. अयनांश कुठला धरला याची काळजी नको. तिथी दोन ग्रहांतल्या फरकावर असते, त्यामुळे अयनांश दोन्हीकडून वजा होऊन जातो. मात्र जुन्या सूर्यसिद्धान्ती गणिताचं पंचांग आणि आजचं दृक् पंचांग यांत तिथी संपण्याच्या वेळा काही तासांनी वेगळ्या पडू शकतात. पौर्णिमा-अमावास्येच्या काठावरचा जन्म असेल तर एक पंचांग शुद्ध म्हणेल, दुसरं वद्य. बाळ तेच, क्षण तोच.

त्या गृहस्थांना मी हे सगळं कागदावर मांडून दिलं, दोन्ही अंतरं आणि दोन्ही पक्षबलांसकट. तो कागद घेऊन ते मुलाकडे गेले. तिथल्या गुरुजींनी आकडे तपासले, पक्षाचा विषय बाजूला ठेवला आणि नवपंचकाबद्दल विचारलं. पुढच्या रविवारी मुलगा-मुलगी भेटणार आहेत.