तिसऱ्या हातासाठी भेटवस्तू

तुमच्या घरातलं कुणीतरी रोज लोकलने जातं आणि त्याचा वाढदिवस जवळ आलाय. तेव्हा 'रोज उपयोगी पडेल असं काहीतरी' द्यावं हे तुमच्या मनात आलेलं असणारच. सकाळी आठ ते दहा या वेळात डोंबिवलीच्या फलाटावर कधी पाय न ठेवलेल्या माणसाला हे हमखास सुचतं.

निवडताना पथ्य एकच. वस्तू वापरायला दोन हात लागलेच पाहिजेत. गाडीत माणसाचा एक हात कडीला असतो, दुसरा छातीवर घेतलेल्या सॅकवर. म्हणजे तुमची भेट वापरायची तर त्याला तिसरा हात लागेल. तो त्याने कुठून आणायचा, हा त्याचा प्रश्न.

पहिला मान छत्रीचा. थ्री-फोल्ड घ्या, आणि बटणाने उघडणारी, बटणानेच मिटणारी अशीच घ्या. दुकानदार काउंटरमागे उभा राहून चारदा उघडमीट करून दाखवतो. त्याच्या आजूबाजूला दोन-दोन हात जागा मोकळी असते, तिकडे लक्ष देऊ नका. या छत्रीची गंमत अशी की बटण दाबलं की मिटतं ते फक्त कापड. दांडा लांबचा लांबच राहतो. तो आतल्या स्प्रिंगच्या विरुद्ध रेटत न्यायचा आणि 'खट्' ऐकू येईपर्यंत दाबायचा. एक हात मुठीवर, दुसरा टोकाशी, छत्री पोटाला टेकवून. ही कसरत करायची कुठे? तर पुलाच्या पायऱ्या उतरून फलाटावर आल्यावर, गाडी आत शिरत असताना, मागचा लोंढा पाठीवर असताना. गाडी थांबते जेमतेम 20-25 सेकंद. घाईत 'खट्' होतच नाही. दांडा अर्धवट आत जाऊन दबा धरून बसतो आणि डब्यात कुणाचं कोपर लागलं की सुटतो. थेट समोरच्याच्या तोंडावर. परवा दादरला एका चष्म्याची काच अशीच गेली. चष्मा कुणाचा, ते विचारू नका. छत्री मात्र भेट आलेली होती, एवढं सांगतो.

आणि काड्या? पोलादी पत्र्याच्याच घ्या, चकचकीत दिसतात. थ्री-फोल्डची एक काडी म्हणजे तीन तुकडे, मधे रिबिटांचे सांधे, अशा आठ काड्या. छत्री वाऱ्याने उलटली की सगळा ताण सांध्याजवळ येतो. पन्हळीसारखा वळवलेला पातळ पत्रा तिथे एकदा मुडपला की सरळ केला तरी पुढच्या वेळी नेमका तिथेच मुडपतो. शिवाय ओली छत्री दिवसभर ऑफिसात मिटून ठेवली की रिबिटं गंजतात, मग एखादी काडी उघडतच नाही. तेव्हा चुकूनही खिशात फ्रिजवरचं चुंबक घेऊन दुकानात जाऊ नका. बाहेरच्या काडीला ते चिकटलं तर पोलाद, नाही चिकटलं तर फायबर असण्याची शक्यता जास्त. मग टोकाला धरून काडी दोन इंच वाकवून सोडून बघाल. फायबरची काडी वाकून जागेवर येते. असलं काही कळलं तर तुम्ही भलतीच छत्री आणाल. हाताने उघडायची, टू-फोल्ड, फायबरच्या काड्यांची. हातभर लांब, दिसायला अगदी मास्तरांची. पण ती स्टेशनबाहेर बसणारा छत्रीवाला काडी बदलून दुरुस्त करतो. स्प्रिंगच्या दांड्याकडे नुसतं बघून तो मान हलवतो.

छत्रीबरोबर तिचं ते नाजूक कव्हर येतंच. ओल्या छत्रीवर ते चढत नाही, आणि कोरड्या छत्रीला त्याची गरज नसते. ओली छत्री मग रॅकच्या दांडीला लटकते आणि खाली बसलेल्या माणसाच्या मांडीवर अंबरनाथपासून ठिबकते. नव्या चादरी ज्या चेनच्या पारदर्शक पिशवीत येतात, तसली एक पिशवी घडी करून छत्रीसोबत दिली तर हा प्रश्न सुटतो. पण फुकटची पिशवी भेट म्हणून कशी द्यायची? शोभत नाही.

पांढरे बूट द्या. कल्याणपर्यंत पांढरे राहतात.

मानेची उशी द्या. चौथ्या सीटवर अर्धं अंग हवेत लटकत असतं, तेवढीच मान तरी आरामात.

आता बॅगेतला ऑर्गनायझर. फेल्टचा, दहा-बारा कप्प्यांचा, ताठ उभा राहणारा. पेनाला कप्पा, चष्म्याला कप्पा, पाण्याच्या बाटलीला कप्पा. टेबलावर ठेवला की काय देखणा दिसतो! गर्दीत सॅक चालते ती दबते म्हणून. चार माणसांच्या मधे ती पाच इंचांची तीन इंच होते. ताठ ऑर्गनायझर दबत नाही, तो बरगडीत रुततो, स्वतःच्या आणि पुढच्याच्याही. 'जरा बॅग वर ठेवा हो' म्हणत सॅक चार हातांवरून रॅकवर गेली की ती आडवी होते, कधी उलटी. मग आखूड कप्प्यांतलं सगळं तळाशी येतं आणि डब्याची रिंग सैल असेल तर आमटीही त्याच्या भेटीला येते. टीसीने पास मागितला की बारा कप्पे चाचपायचे, तेही एका हाताने. या सगळ्याऐवजी दोन चेनचे मऊ पाऊच आणि आतल्या लूपला बांधायला हातभर दोरी दिली, की किल्ल्या दोरीला, पास एका पाऊचमध्ये, बाकी सगळं दुसऱ्यात. अंधारातही सापडतं. पण त्याला रिबिन कशी बांधणार?

आणि शेवटी इअरप्लग. फोमचे द्या, केशरी रंगाचे. बोटांत वळून बारीक सुरनळी करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, सुरनळी आत सरकवायची आणि फुगेपर्यंत, म्हणजे 20-30 सेकंद, बोटाने दाबून धरायची. परत दोन हात. एका हाताने कोंबला तर फोम तोंडाशीच फुगतो, निम्मा बाहेर दिसतो आणि आवाज फारसा कमी होत नाही. शिवाय ज्या बोटांनी सकाळपासून डब्यातली कडी धरली, त्याच बोटांनी तो वळलेला असतो, ते वेगळंच. नीट बसलाच, तर फलाट बदलल्याची अनाउन्समेंटही ऐकू येत नाही. सिलिकॉनचे, देठ असलेले, दोरीने जोडलेले मिळतात. ते एका हाताने ढकलता येतात, दोरी ओढून काढता येतात आणि रात्री धुताही येतात. द्यायचेच तर ते द्या.

पण मुळात हे बोळे का लागतात हो? गाडीच्या खडखडाटाची सवय कधीच झालीय, भजनी मंडळाचीही. बोळे लागतात ते शेजारच्याच्या मोबाइलमुळे. तेच पंधरा सेकंदांचं रील, तेच खिंकाळणं, ठाण्यापासून भायखळ्यापर्यंत, पूर्ण आवाजात. खिशात इअरफोन असतो. काढायचा कंटाळा. सांगायला गेलं तर 'तुम्हाला त्रास होत असेल तर फर्स्ट क्लासने जा'. म्हणजे आवाज याने करायचा, आणि बोळे विकत घ्यायचे आम्ही? तेही वाढदिवसाला? छत्री दुसऱ्याच्या मांडीवर ठिबकवायची, सॅक पाठीवरच ठेवून दारात उभं राहायचं, आणि भेटवस्तूंची गरज मात्र ज्याला धक्के बसतात त्याला!

इथवर वाचताना रील चालूच असेल तुमचं. आधी ते बंद करा. त्याला दोन हात लागत नाहीत, अंगठा पुरतो.