14 टक्के कशाचे आणि भरायचे कोणी?

एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेबद्दल सध्या फिरणारा दावा असा:

"पगार 13 लाख 70 हजार असला तरी नव्या करप्रणालीत कर शून्य! पगाराच्या 14 टक्के एनपीएसमध्ये टाका. कंपनीला विचारायची गरज नाही, स्वतः ऑनलाइन भरा आणि रिटर्नमध्ये दाखवा. पैसे आपलेच राहतात, वर कर वाचतो."

सगळ्यात जास्त नुकसान करणारा भाग 'स्वतः भरा' हा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच. नव्या करप्रणालीत नोकरदाराने स्वतःच्या खिशातून एनपीएसमध्ये भरलेल्या रकमेवर एक रुपयाचीही वजावट नाही. 50,000 रुपयांची जी जादा वजावट सगळ्यांना ठाऊक आहे, ती कलम 80CCD(1B) ची आणि फक्त जुन्या प्रणालीतली. नव्या प्रणालीत मिळते ती कलम 80CCD(2) ची वजावट, आणि ती मालकाने भरलेल्या रकमेवरच मिळते. स्वतः भरलेले पैसे रिटर्नमध्ये 80CCD(2) समोर दाखवले, तर फॉर्म 16 मध्ये ती रक्कम नसते आणि दावा तिथेच उघडा पडतो. मग राहिलेला कर आणि त्यावरचं व्याज आपल्याच माथी.

म्हणजे कंपनीला विचारावंच लागतं, आणि कंपनीला कामही करावं लागतं. आधी एखाद्या बँकेमार्फत किंवा दुसऱ्या पॉइंट ऑफ प्रेझेन्समार्फत एनपीएसच्या कॉर्पोरेट मॉडेलमध्ये कंपनीची नोंदणी होते. मग कामगारांचे प्रान, म्हणजे एनपीएस खात्याचे क्रमांक त्या नोंदणीला जोडले जातात. ज्याने आधीच स्वतःचं खातं उघडलंय, त्याने नवं काढायचं नाही. इंटर सेक्टर शिफ्टचा अर्ज देऊन तेच खाते कॉर्पोरेटमध्ये आणायचं, प्रान तोच राहतो. त्यानंतर पगाराची फोड बदलते: स्पेशल अलाउन्स तेवढा कमी होतो आणि 'मालकाचे एनपीएस योगदान' अशी नवी ओळ येते. एकूण सीटीसी तेवढाच राहतो, त्यामुळे मालकावर पगाराचा नवा बोजा पडत नाही. उलट मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 14 टक्क्यांपर्यंतचं योगदान त्याला धंद्याचा खर्च म्हणूनही दाखवता येतं. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीतल्या मध्यम आकाराच्या फाउंड्रीच्या मालकाशी बोलताना ही गोष्ट आधी सांगावी, कारण 'अजून एक खर्च' याच भीतीने विषय बहुतेकदा तिथेच थांबतो.

आता 14 टक्के. ते सीटीसीचे नाहीत आणि एकूण पगाराचेही नाहीत. ते मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांचे, आणि तो भत्ताही नोकरीच्या अटींनुसार धरला जात असेल तरच. घरभाडे भत्ता, स्पेशल अलाउन्स, बोनस यांत येत नाहीत. खासगी नोकरीत जुन्या प्रणालीत हीच मर्यादा 10 टक्के आहे. नव्या प्रणालीत ती 2024-25 पासून 14 झाली.

13.70 लाखांचा आकडा कुठून आला, ते इथे कळतं. त्यात मूळ पगार निम्मा, म्हणजे 6,85,000 धरला आहे. त्याचे 14 टक्के 95,900. एकूण 13,70,000 मधून 75,000 ची प्रमाणित वजावट आणि हे 95,900 गेले की उरतात 11,99,100. हे 12 लाखांच्या आत आहेत, म्हणून 2025-26 साठी सवलतीमुळे कर शून्य. गणित बरोबर आहे, पण मूळ पगार निम्मा असेल तरच.

आपल्याकडच्या अनेक पगारपत्रकांत मूळ पगार एवढा नसतो. समजा, एका क्वालिटी इंजिनिअरचा पगार तेवढाच 13,70,000 आहे (मालकाचा पीएफ वेगळा), पण मूळ पगार महिन्याला 40,000, म्हणजे वर्षाला 4,80,000. महागाई भत्ता वेगळा नाही. त्याची मर्यादा 67,200, महिन्याला 5,600. करपात्र उत्पन्न होतं 12,27,800. ते 12 लाखांच्या वर असल्याने शून्य कर नाही. मात्र मर्यादा थोडीच ओलांडणाऱ्यांना कायदा सांभाळून घेतो: कर त्या वरच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही. म्हणून कर 27,800 आणि 4 टक्के उपकर धरून 28,912. एनपीएस नसता तर 12,95,000 वर त्याला 77,220 भरावे लागले असते. म्हणजे 48,308 वाचले, आणि हा फायदा खरोखर मोठा आहे. फक्त तो शून्य कर नव्हे.

मग मूळ पगारच वाढवून घेऊ, असं कोणी सुचवेल. या इंजिनिअरला शून्यावर यायला मूळ पगार महिन्याला साधारण 56,600 हवा. पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापला जात असेल तर दर महिन्याला त्याची स्वतःची कपात 1,992 रुपयांनी वाढते, आणि मालकाची तेवढीच वाढ सीटीसीतून वळती होऊ शकते. पीएफ 15,000 च्या मर्यादेवर, म्हणजे 1,800 रुपयेच कापला जात असेल, तर ही अडचण येत नाही. फोड बदलायच्या आधी एवढं तपासावं.

शिवाय सगळं गणित पगाराशिवाय दुसरं उत्पन्न नाही असं धरून आहे. वरच्या निम्म्या मूळ पगाराच्या उदाहरणात 12 लाखांपर्यंत जागा उरते फक्त 900 रुपयांची. पतसंस्थेतल्या किंवा सहकारी बँकेतल्या ठेवीवर 30,000 व्याज आलं, की उत्पन्न 12,29,100 होतं आणि कर उपकरासह 30,264. व्याजापेक्षा कर जास्त!

आणि हा फायदा प्रत्येकाला सारखा नाही. साडेबारा लाख पगारवाल्याचं करपात्र उत्पन्न 11,75,000, त्याला एनपीएसशिवायही कर शून्यच आहे. कर वाचवण्यासाठी त्याने हे केलं तर हाती काही लागत नाही. अठरा लाखांवाल्याचा मूळ पगार 6,30,000 असेल तर 88,200 वर त्याचे वाचतात सुमारे 18,346, म्हणजे 20.8 टक्के. 12 लाखांच्या जरा वर असणाऱ्यांनाच सगळ्यात मोठा लाभ होतो.

'पैसे आपलेच' हे खरं, पण ते हाताशी राहत नाहीत. आपल्या इंजिनिअरचे 67,200 निवृत्तीसाठी बांधले जातात आणि कर वाचूनही हातातला पगार वर्षाला 18,892 ने घटतो. निवृत्तीच्या वेळी जमा रकमेच्या 60 टक्क्यांपर्यंतची एकरकमी उचल करमुक्त असते, पण मिळणारं पेन्शन त्या वर्षीच्या उत्पन्नात धरून करपात्र होतं. घराचा हप्ता किंवा मुलांची फी त्याच पगारातून जाणार असेल, तर हा आकडा आधी समोर ठेवा.

शेवटी कागद. पगारपत्रकात ही रक्कम फक्त कपातीच्या बाजूला असेल आणि एनपीएसच्या व्यवहार विवरणात ती कर्मचाऱ्याच्या रकान्यात पडत असेल, तर ते मालकाचं योगदान नाही, त्यावर वजावट नाही. दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण ती आपल्या सोयीची दिसते. मालकाचं योगदान आधी एकूण पगारात मिळवायचं आणि मग 80CCD(2) खाली वजा करायचं, असा नियम आहे. फॉर्म 16 मध्ये एकूण पगार 13,70,000 ऐवजी 13,02,800 दाखवून वर पुन्हा 67,200 वजा केले, तर उत्पन्न 11,60,600 येतं आणि कर शून्य दिसतो. असा फॉर्म 16 हातात आला तर त्यावर रिटर्न भरू नका. अकाउंट्सकडून टीडीएसचं 24Q विवरण दुरुस्त करून घ्या आणि नवा फॉर्म 16 मागा.