स्वप्नातला आरसा, आजी आणि कपाळावरची खूण

गेल्या महिन्यात एक स्वप्न पडलं, ते अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. मी कराडच्या मामाच्या घरी आहे, मधल्या खोलीत, तिथल्या लोखंडी कपाटाला लावलेल्या उभ्या आरशासमोर वेणी घालतेय. वेणी हाताला अगदी पातळ लागते म्हणून वर बघितलं तर आरशात एक म्हातारी. सत्तर-पंच्याहत्तरची असेल. गाल आत गेलेले, केस पांढरे, डाव्या-उजव्या कुठल्यातरी भुवईवर माझीच ती लहानपणी उंबऱ्यावर पडून झालेली खूण. आणि मी दचकले बिचकले काही नाही, "हो, मीच की" असं वाटलं आणि परत वेणी घालायला लागले. जाग आल्यावर मात्र छातीत धडधडत होतं. मी चव्वेचाळीसची आहे.

सकाळी शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या स्वप्नात मरण दिसलं की आयुष्य वाढतं म्हणतात ना तसंच हे, चांगलं असतं. मैत्रीण म्हणाली तुला वय व्हायची भीती वाटतेय. दोघींचंही मला पटलं नाही, कारण स्वप्नात भीती नव्हतीच. भीती जागी झाल्यावर आली. आणि मला वाटतं अशा स्वप्नात चेहरा कसा दिसला याचा अर्थ शोधत बसण्यापेक्षा तो चेहरा बघून "ही मी" असं मला का वाटलं, हा खरा प्रश्न आहे.

मी त्या खुणेचा खूप विचार केला. माझी खूण डाव्या भुवईवर आहे. खऱ्या आरशात ती माझ्या डाव्या हाताच्याच बाजूला दिसते, रोज तिथेच बघते मी तिला. फोटोत मात्र ती समोरून बघताना उजवीकडे येते, म्हणून तर आपल्याला आपलाच फोटो जरा परका वाटतो. उठल्या उठल्या वहीत त्या चेहऱ्याचं वेडंवाकडं चित्र काढलं होतं, त्यात मी खूण उजवीकडे काढलीये. म्हणजे माझी आठवण बरोबर असेल तर स्वप्नातला आरसा आरसा नव्हताच! तिथे ना काच, ना उजेड, परत येणारं काही नाहीच. मेंदूने फोटो, आठवणी असं साठवणीतलं सामान काढून एक चेहरा तयार केला आणि आरशाच्या चौकटीत बसवला.

हे तसं नवीन नाही. ज्या झोपेत डोळे पापणीखाली भराभर हलतात ती १९५३ मध्ये शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी नोंदवली, आणि आपली ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक त्या झोपेत पडतात. नंतर मेंदूचे स्कॅन झाले तेव्हा दिसलं की त्या वेळी चित्रं तयार करणारे आणि भावनांचे भाग जोरात चालू असतात, पण "थांब, हे खरं आहे का, जुळतंय का" असं तपासणारा कपाळामागचा भाग बराच मंद असतो. म्हणून चेहरा कसाही येवो, हरकत घ्यायला कोणी जागं नसतं. पण एवढ्याने माझं समाधान झालं नाही. हरकत घेणारा झोपला होता हे ठीक, पण "ही मी" हा शिक्का कोणी मारला?

इथे मला आजी आठवली. आईची आई. शेवटची चार वर्षं तिला डिमेन्शिया होता. ह्याच कपाटाच्या ह्याच आरशासमोर ती उभी राहायची आणि पदर सारखा करून आतल्या बाईला विचारायची, "तुम्ही कुणाच्या म्हणायच्या?" मामीला सांगायची त्या बाई कधीच्या उभ्या आहेत, चहा तरी विचार. मामी शेजारी उभी राहिली तर आरशातली मामी तिला बरोब्बर ओळखू यायची, फक्त स्वतः नाही! म्हणजे आरसा काय असतो हे कळत होतं, डोळे बरे होते, चेहरे ओळखता येत होते. डॉक्टर म्हणाले अशा आजारात काही जणांना होतं असं, घाबरत असतील तर आरसा झाका. ती घाबरत नव्हती पण बोलून बोलून दमायची, जेवायचीच नाही त्या बाईंनी खाल्ल्याशिवाय, म्हणून शेवटी मामाने आरशावर जुनी चादर लावली.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. आजीसमोर तिचा खराखुरा चेहरा होता, पण "मी" निघून गेलं होतं. माझ्यासमोर खोटा, जोडून केलेला चेहरा होता, पण "मी" जागच्या जागी होतं. चेहरा ओळखणं आणि आपलेपण वाटणं ही दोन वेगळी कामं आहेत, रोज ती इतकी बरोबर होतात की आपल्याला एकच वाटतात. आपण लहान मुलाच्या कपाळाला नकळत ठिपका लावून आरशापुढे धरतो ना, साधारण दीड-दोन वर्षांची झाली की मुलं आरशाऐवजी स्वतःच्या कपाळाला हात लावतात. तेव्हा जी गाठ बसते, ती आजीची सुटली होती.

छांदोग्य उपनिषदात इंद्र आणि विरोचन प्रजापतीकडे जातात, आत्मा म्हणजे काय विचारायला, ती गोष्ट मी कॉलेजात वाचली होती, आता परत काढून वाचली. बत्तीस वर्षं राहिल्यावर प्रजापती त्यांना पाण्याच्या भांड्यात बघायला सांगतो, मग नटूनथटून परत बघायला सांगतो. विरोचन खूश होऊन जातो, हे शरीर म्हणजेच मी. इंद्र मात्र अर्ध्या वाटेतून परत येतो, शरीर नटलं की प्रतिबिंब नटतं तर शरीर आंधळं झालं की तेही आंधळं होणार, मेलं की मरणार, मग ह्यात काय राम? अजून बत्तीस वर्षांनी प्रजापती सांगतो स्वप्नात हिंडतो तो आत्मा. इंद्र पुन्हा परत येतो, कारण स्वप्नातला "मी" शरीराच्या व्यंगाने आंधळा होत नाही हे खरं, पण तोही मार खाल्ल्यासारखा पळतो, रडतो. पुढे गाढ झोपेचं उत्तर मिळतं तर तेही त्याला पुरत नाही, तिथे तर "हा मी" एवढंही कळत नाही म्हणतो. एकशे एक वर्षं लागतात सगळी मिळून. मला शेवटच्या उत्तरापेक्षा त्याचं दरवेळी परत येणं आवडतं, आणि आधी आरसा मग स्वप्न हा क्रम तर मला फार म्हणजे फार खरा वाटतो.

एक गोष्ट लिहायची राहिली. ते आत गेलेले गाल कोणाचे हे मला दोन दिवसांनी कळलं. आईचे नाहीत, आई एकसष्टाव्या वर्षी गेली, तिचं म्हातारपण मी बघितलंच नाही. ते आजीचे होते. जो चेहरा त्या आरशात बघून आजीने "तुम्ही कुणाच्या" विचारलं, तोच चेहरा बघून मी "मीच की" म्हणाले.

मामीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, चादर लावल्यावरही तुझी आजी रात्री उठायची गं, कोपरा उचलून बघायची, त्या बाई झोपल्या का म्हणून.