देणगीचं कुपन कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

«तुमच्या गावच्या शाळेच्या ग्रंथालयाचं माहितीपत्रक पाहिलं. क्यूआर कोड असताना अख्खा एक रकाना कापून द्यायच्या कुपनावर का घालवला? शिवाय कामांचे दर छापून पैसे मागणं दुकानासारखं वाटतं. कागदही साधाच. त्यापेक्षा गुळगुळीत कागदावर मुलांचे चार फोटो टाकले असते, तर लोकांनी लगेच दिले असते. – एक बार्शीकर, सध्या पुणे»

बार्शीकर, नमस्कार. क्यूआर मागच्या पानावर आहेच, आणि पुण्या-मुंबईला असलेली आपली पोरं त्यावरूनच पैसे टाकणार हे मलाही माहीत आहे. पण कुपन पैसे घेण्यासाठी नाहीच. पैसे कोणी दिले, ते कळावं म्हणून आहे.

आपल्याकडे देणगी कशी येते ते आठवून बघा. देणारे आजोबा असतात, फोन नातवाचा असतो. बँकेच्या खात्यात नातवाचं नाव दिसतं. पावती आजोबांच्या नावाने हवी असते आणि भिंतीवरच्या पाटीवर नाव यायचं असतं थोरल्या भावाचं, «कै.» लावून, स्मरणार्थ. ही तीन नावं क्यूआरमधून कशी कळणार? म्हणून कुपनावर पावतीचं नाव आणि पाटीवरचं नाव यांच्या ओळी वेगळ्या आहेत. शेजारी «नाव जाहीर करू नये» असा चौकोन आहे. गावात तोही लागतो, कारण एकाने किती दिले हे कळलं की दुसरा त्यावर आपला आकडा ठरवतो.

यूपीआयने दिलं असेल तर तारीख आणि व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहायला जागा ठेवली आहे. तो क्रमांक बारा आकडी असतो, पूर्ण लिहायला लावला की माणूस चुकतो. यात्रेच्या दिवशी १,००१ रुपये पाच जणांकडून आले, तर तारीख, रक्कम आणि हे चार आकडे मिळून प्रत्येकाचा व्यवहार वेगळा ओळखता येतो. कुपन भरून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालतं. पॅनचे दहा चौकोन फक्त करसवलत हवी असेल त्यांच्यासाठी आहेत. पैसे माजी विद्यार्थ्यांच्या नोंदणीकृत संस्थेकडे जातात आणि त्या संस्थेला ८०जीची मान्यता आहे, म्हणूनच ती ओळ छापली. मान्यता नसती तर छापता आली नसती. रोखीने २,००० रुपयांच्या वर दिले तर ही सवलत मिळत नाही, तेही तिथेच लिहिलं आहे. कारण गावात पैसे रोखच येतात आणि प्रश्न नंतर मार्च महिन्यात येतो.

आता रकान्याचं. पत्रकाची मांडणी मुखपृष्ठापासून नाही, कुपनापासून सुरू केली. ए-फोर कागद आडवा धरून दोन घड्या घातल्या की तीन रकाने होतात, पण तिन्ही सारखे ठेवून चालत नाही. जो रकाना आत दुमडतो तो दोन-तीन मिलिमीटर अरुंद लागतो, नाहीतर घडीत अडकून त्याची कड मुडपते. म्हणून १००, १०० आणि ९७. आतून पाहिलं तर ९७चा रकाना उजवीकडे येतो आणि बाहेरच्या बाजूला तोच डावीकडे जातो. ऑपरेटरने दोन्ही बाजूंना एकच आखणी चिकटवली तर घडी मजकुरावर येते. स्क्रीनवर हे दिसत नाही, घडी घातल्यावर दिसतं.

कुपन त्या ९७च्या रकान्यात आहे. कापायची रेघ घडीवरच असल्यामुळे कात्री लागत नाही. घडी दोन-तीनदा मागेपुढे केली की कागद सरळ फाटतो, आणि देणाऱ्याच्या हातात चार पानांचं नीट पत्रक उरतं. छापायला देण्याआधी कोऱ्या कागदाची प्रतिकृती करून, कुपन फाडून, त्याच्या पाठीमागचं काय गेलं ते पाहायचं. त्या पाठीवर खाते क्रमांक असेल तर भलंच झालं. कुपन शाळेत पोचतं आणि «पैसे कुठं भरू» असा फोन येतो. म्हणून खाते क्रमांक, आयएफएससी आणि क्यूआर मागच्या पानावर, म्हणजे उरणाऱ्या भागावर. कुपनाच्या पाठीवर फक्त फोटो, तो गेला तरी काही अडत नाही.

तो फोटो भिंतीचा आहे, मुलांचा नाही. मुखपृष्ठ उघडलं की पहिल्यांदा हाच भाग समोर येतो. तिथे कपाटाच्या तिसऱ्या फळीपर्यंत चढलेली ओल आणि फुगून चिकटलेली पुस्तकं दिसली की पैसे कशाला हवेत ते वेगळं सांगावं लागत नाही. मुलांचे चेहरे छापायचे तर प्रत्येकाच्या आई-बापाची परवानगी घ्यायची, आणि एवढं करून त्यातून कळतं काय, तर शाळेत मुलं आहेत!

साध्या कागदाचं कारणही कुपनच. तुम्ही म्हणता तो आर्ट पेपर. त्यावर बॉलपेन घसरतं आणि शाईचं पेन फिरवलं की हाताला शाई लागते. हा १०० जीएसएमचा मॅपलिथो आहे. लिहायच्या ओळींत नऊ मिलिमीटर अंतर आहे, कारण वर वेलांटी आणि खाली उकार येतो. इंग्रजी फॉर्मची आखणी तशीच उचलली की मराठी नावं एकमेकांत शिरतात.

दरांबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार. नुसतं «सढळ हाताने मदत करा» लिहिलं की माणूस शेजाऱ्याने किती दिले ते विचारतो. आमची खोली वीस बाय पंधरा फूट, म्हणजे तीनशे चौरस फूट. शहाबादी फरशी बसवण्यासह शंभर रुपये फुटाने धरली तर तीस हजार होतात. ते दहा-दहा फुटांचे तीस वाटे केले, एक वाटा १,००० रुपये. हे माणसाला कळतं. पेठेतल्या माणसाला तर फारच लवकर कळतं! १,००१ देणारा देतोच, त्याचा तो एक रुपया कुठे मांडायचा हे विचारायला अजून कोणी आलेलं नाही.

यातली खरी अडचण वेगळी आहे. सगळ्यांना रॅक द्यायचं असतं, कारण रॅकवर नाव लिहिता येतं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर कोणी खूण करत नाही, आणि गच्ची गळत असताना नवं रॅक आत नेण्यात अर्थ नाही. म्हणून कुपनावर गच्ची सगळ्यात वर ठेवली, तिचेही हजाराचे वाटे केले, आणि शेजारी लिहिलं, «हे काम झाल्यावरच पुस्तकं आत जातील.» रॅक सगळ्यात खाली आहेत. शिवाय तळाला एक ओळ आहे, ती बहुतेक तुमच्या नजरेतून सुटली: «निवडलेल्या कामाची रक्कम पूर्ण झाली असल्यास देणगी याच ग्रंथालयाच्या दुसऱ्या कामासाठी वापरली जाईल.» ही ओळ नसेल तर सहा रॅकसाठी नऊ जणांचे पैसे जमतात, आणि उरलेल्या तिघांना विचारल्याशिवाय ते गच्चीवर लावता येत नाहीत. विचारायला गेलं की एखादा म्हणतोच, «मग माझे परत द्या.»

एक गोष्ट तुमच्याकडून हवी आहे. तुमच्याकडे आलेल्या पत्रकावरचं कुपन वडिलांना नाहीतर काकांना भरायला द्या. सांगायचं काही नाही, फक्त पेन कुठे थांबतं ते बघा. «पाटीवर लिहायचं नाव» या ओळीवर बरेच जण थांबतात असं शिक्षक म्हणतात. पुढच्या छपाईआधी तिथले शब्द बदलायचे आहेत, तुम्हाला काही सुचलं तर इथेच खाली लिहा.