निकियात म्हणे 80 गॉस्पेलं जाळली: त्या फॉरवर्डला उत्तर

"इ.स. 325 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकियाला परिषद भरवली, मतदान घेतलं, 80 पैकी 4 गॉस्पेल ठेवली आणि बाकीची जाळून टाकली. पण 1945 ला इजिप्तमध्ये नॉस्टिक ख्रिश्चनांची पुस्तकं सापडली, ती बायबलपेक्षा जुनी आहेत, येशूची खरी मूळ शिकवण त्यात आहे, आणि मग्दालिया मरीया त्याची बायको होती हेपण लिहिलंय. चर्चने हे सगळं दाबून ठेवलंय. पुढे पाठवा."

एकेक मुद्दा घेतो. नॉस्टिक म्हणजे ढोबळमानाने, आत्मिक ज्ञानाने मुक्ती मिळते असं मानणारे सुरुवातीच्या काळातले गट.

आधी निकिया. तिथे बिशप लोक जमले होते ते मुख्यतः अलेक्झांड्रियाच्या आरियस या धर्मगुरूच्या भांडणासाठी, म्हणजे पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा की पित्याने निर्माण केलेला, शिवाय ईस्टर कधी साजरा करायचा आणि बाकी शिस्तीचे नियम. परिषदेने 20 नियम केले, ते आज उपलब्ध आहेत, कोणीही वाचू शकतं, त्यातला एकही बायबलमध्ये कुठली पुस्तकं ठेवायची याबद्दल नाहीये. मग ही कथा आली कुठून? नवव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या एका ग्रीक संकलनात म्हटलंय की निकियाला सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली आणि खरी पुस्तकं आपोआप वर आली. घटनेनंतर पाचशेहून जास्त वर्षांनी लिहिलेली ही चमत्कारकथा, अठराव्या शतकात फ्रेंच लेखक व्होल्तेरने ती खिल्ली उडवायला वापरली आणि पुढे चमत्काराच्या जागी मतदान आलं.

बरं, चार शुभवर्तमानं, म्हणजे गॉस्पेलं, हा आकडा तेव्हा ठरला का? तर नाही. ल्योंचा बिशप इरेनियस इ.स. 180 च्या आसपास, म्हणजे निकियाच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी ठासून लिहितो की शुभवर्तमानं चारच, कारण दिशा चार आणि वारे चार. युक्तिवाद कसाही असो, चार ही संख्या त्याच्याकडे आहे. आणि आपल्या आजच्या नव्या कराराची बरोब्बर 27 पुस्तकांची यादी पहिल्यांदा दिसते ती अलेक्झांड्रियाच्या अथानेशियसच्या 367 च्या ईस्टर-पत्रात. म्हणजे एका बाजूने 325 च्या खूप आधी आणि दुसऱ्या बाजूने 325 नंतर, पण 325 मध्ये काही नाही.

जाळण्याच्या गोष्टीला तर 1945 ला सापडलेल्या पुस्तकांनीच उत्तर दिलंय. वरच्या इजिप्तमध्ये नाग हम्मादी गावाजवळ सापडली ती गुंडाळ्या नव्हती, चामड्याच्या वेष्टनातली बांधीव पुस्तकं होती, आणि वेष्टन ताठ राहावं म्हणून बांधणाऱ्याने आत रद्दी पपायरस चिकटवला होता. ही रद्दी अभ्यासकांनी सोडवून वाचली. सातव्या पुस्तकाच्या वेष्टनात निघालेल्या कागदांवर 341, 346 आणि 348 ही सालं आहेत. म्हणजे ते पुस्तक 348 च्या आधी बांधलेलं असूच शकत नाही! निकियाला सगळं जाळलं म्हणता, आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी इजिप्तमध्ये लोक तीच पुस्तकं निवांत उतरवून बांधतायत. सहाव्या पुस्तकात तर नकलनविसाची एक छोटी चिठ्ठी आहे, त्यात तो म्हणतो की याच लेखकाचे अजून बरेच ग्रंथ माझ्याकडे आलेत पण तुमच्याकडे ते असतीलच असं वाटून मी उतरवले नाहीत, उगाच तुम्हाला ओझं कशाला. पुस्तकांची ही अशी देवाणघेवाण चालू होती.

छळ झालाच नाही असं मात्र मी म्हणत नाहीये. कॉन्स्टंटाइननेच नंतर फर्मान काढून व्हॅलेंटिनस या दुसऱ्या शतकातल्या नॉस्टिक शिक्षकाच्या अनुयायांसकट अनेक गटांच्या सभा बंद करायला लावल्या, आणि 388 मध्ये युफ्रेटिसकाठी कॅलिनिकमला काही भिक्षूंनी व्हॅलेंटिनसवाल्यांचं सभास्थान जाळलं. पण हे सगळं हळूहळू, शतकभर चाललेलं प्रकरण आहे.

आता मोठा मुद्दा, बायबलपेक्षा जुनी आणि मूळ शिकवण. हातात आलेल्या प्रती चौथ्या शतकातल्या, कॉप्टिक या जुन्या इजिप्ती भाषेतल्या, आणि ग्रीकवरून केलेली भाषांतरं. मूळ ग्रीक रचना अर्थातच जुन्या, बऱ्याचशा दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या. उलट पौलाची पत्रं इ.स. 50 च्या दशकातली आणि मार्कचं शुभवर्तमान 70 च्या आसपासचं. यातल्याच थोमाच्या गॉस्पेलमधली काही वचनं खूप जुनी असू शकतात यावर खरंच वाद आहे आणि तो चालू राहणार, पण एका पुस्तकावरचा वाद सगळ्या पेटीला लावता येत नाही.

आणि मूळ म्हणजे तरी कुठलं? यासाठी 'योहानाचं गुप्त पुस्तक' बघा, ही नॉस्टिक म्हणवल्या जाणाऱ्या साहित्यातली सगळ्यात गाजलेली रचना म्हणायला हरकत नाही. त्यात वरचा देव हा वर्णनापलीकडचा, त्याच्यापासून तेजस्वी शक्ती निघतात, शेवटची सोफिया, ती जोडीदाराची संमती न घेता एकटीच निर्मिती करायला जाते आणि जन्माला येतो याल्दाबाओथ, सिंहाच्या तोंडाचा साप, विजेसारखे डोळे. आई त्याला लाजेने ढगात लपवते. हाच पुढे हे जग बनवतो आणि वर तोरा असा की 'मी ईर्ष्यावान देव आहे, माझ्याशिवाय दुसरा देव नाही', त्यावर लेखकाचा टोमणा: दुसरा कोणी नाहीच तर हा जळतोय कोणावर? जुन्या करारातलंच वाक्य घेऊन जुन्या कराराच्या देवावर उलटवलंय.

या पुस्तकाच्या चार प्रती आपल्याकडे आहेत, तीन नाग हम्मादीच्या आणि एक बर्लिनमध्ये ठेवलेल्या दुसऱ्या एका कॉप्टिक पुस्तकातली. दोन छोट्या, दोन मोठ्या. मोठ्या आवृत्तीत आदामाचं शरीर बनवणाऱ्या दूतांची लांबलचक यादी घुसलीय, डोक्यापासून पायाच्या नखांपर्यंत कुठला अवयव कोणी केला ते नावानिशी, आणि शेवटी अजून माहिती हवी असेल तर झोरोआस्टरचं पुस्तक बघा असा निर्देश. छोट्या आवृत्तीत हे नाही. म्हणजे वाचणारे लोक पुस्तकात भर घालत होते, बदल करत होते, जपून ठेवलेली एक मूळ शिकवण असा प्रकारच दिसत नाही.

पण अभ्यासकांचं चित्र बदललं ते इथेच. 1945 च्या आधी या गटांबद्दल बहुतेक माहिती त्यांच्या विरोधकांकडून मिळायची, थोडीफार कॉप्टिक पुस्तकं सोडली तर. इरेनियसने याच कथेच्या पहिल्या भागाचा सारांश दिलाय आणि तोही त्या ईर्ष्यावान देवाच्या बढाईपाशी येऊन थांबतो, त्यामुळे आता दोन्ही शेजारी ठेवून तपासता येतं. निकाल काय? कथेचा सांगाडा त्याने बऱ्यापैकी नीट दिलाय, नावं जुळतात, त्यामुळे तो सरसकट खोटारडा होता हे म्हणणं टिकत नाही. पण सूर त्याचा, चिडवणं त्याचं. दुसऱ्या एका ठिकाणी तो व्हॅलेंटिनसवाल्यांच्या शक्तींच्या वंशावळीची नक्कल करताना भोपळा, काकडी आणि खरबूज अशा शक्तींची मालिकाच तयार करतो (विनोद चांगला आहे, मान्य करायला हवं). प्रत्यक्ष व्हॅलेंटिनसच्या परंपरेतलं 'सत्याचं गॉस्पेल' वाचलं तर ते आहे एक भावपूर्ण प्रवचन, त्यात ना सिंहमुखी साप ना वंशावळ, अज्ञान धुक्यासारखं पसरलं आणि पित्याला ओळखल्यावर विरून गेलं एवढंच शांतपणे सांगितलंय. स्वतः व्हॅलेंटिनस इ.स. 140 च्या सुमारास रोममध्ये चर्चच्या आतच शिकवत होता, आणि त्याचा कट्टर विरोधक, ख्रिश्चन लेखक तेर्तुलियन स्वतःच लिहितो की त्याला बिशप व्हायची आशा होती. म्हणजे दुसऱ्या शतकात एकीकडे चर्च आणि बाहेर नॉस्टिक अशी भिंतच नव्हती, एकाच सभेत शेजारी बसणारे लोक होते.

आणि नॉस्टिक असा एक पक्ष तरी कुठे होता? नाग हम्मादीच्या पुस्तकांत पन्नासेक रचना आहेत, त्यात प्लेटोच्या 'रिपब्लिक'चा एक तुकडासुद्धा आहे आणि भाषांतर इतकं बिघडलेलं की तो प्लेटो आहे हे सुरुवातीला ओळखूच आलं नाही. 'सत्याची साक्ष' नावाच्या रचनेत चर्चवाल्यांना तर झोडपलंच आहे, पण व्हॅलेंटिनसच्या आणि बॅसिलिडीस या दुसऱ्या एका नॉस्टिक शिक्षकाच्या शिष्यांवरही तोंडसुख घेतलंय. थोमाच्या गॉस्पेलमध्ये याल्दाबाओथची कथाच नाही, त्यामुळे त्याला नॉस्टिक म्हणावं का इथपासून वाद. 1990 च्या दशकापासून काही अभ्यासक तर म्हणतात की हे लेबलच सोडून द्या, विरोधकांनी सगळ्यांना एका पोत्यात भरलं आणि आपण ते पोतं तसंच वापरतोय. मला हे थोडं टोकाचं वाटतं, याल्दाबाओथवाल्या कथांचा एक खरा गट दिसतो, पण फॉरवर्डमधला तो एकजिनसी 'दाबलेला खरा धर्म' मात्र कुठेच दिसत नाही.

मरीया. सगळा आधार 'फिलिप्पच्या गॉस्पेल'मधल्या एका ओळीवर. त्यात तिला येशूची सोबतीण म्हटलंय आणि पुढे तो तिचं चुंबन घ्यायचा, अमुक ठिकाणी, असं वाक्य आहे, पण नेमक्या त्या शब्दाच्या जागी पानाला भोक पडलंय! छापील भाषांतरात 'मुख' दिसतं ते चौकटी कंसात असतं, म्हणजे संपादकाचा अंदाज. त्याच पुस्तकात थोडं आधी म्हटलंय की परिपूर्ण माणसं चुंबनातून गर्भ धारण करतात, म्हणून आपण एकमेकांचं चुंबन घेतो, म्हणजे विषय आध्यात्मिक कृपेचा आहे. लग्नाचा उल्लेख शून्य. आणि ज्यांना हे पंथ स्त्रीवादी वाटतात त्यांनी थोमाचं शेवटचं, 114 वं वचन वाचावं. पेत्र म्हणतो मरीयेला घालवा, येशू म्हणतो मी तिला पुरुष बनवीन म्हणजे तिलाही प्रवेश मिळेल.

राहिलं दाबून ठेवणं. 1945 चा शोध लागला तो जबल अल-तारिफ या कड्याच्या पायथ्याशी खत म्हणून वापरायची माती खणणाऱ्या शेतकऱ्यांना. मुहम्मद अली नावाच्या शेतकऱ्याने सांगितल्याप्रमाणे मातीचा रांजण निघाला, पुस्तकं घरी नेली आणि आईने काही पानं चुलीत सरपण म्हणून घातली. ही हकीकत त्याने तीस वर्षांनी सांगितली आणि सांगण्यात फरक पडत गेला, त्यामुळे हल्ली तिच्यावर शंका घेतात, पण या पुस्तकांची पानं जळाल्याची जी एकमेव कथा आहे ती ही आणि त्यात बिशप नाही.

प्रकाशनाला उशीर झाला हे खरं. एक पुस्तक इजिप्तबाहेर गेलं आणि 1952 मध्ये झ्युरिकच्या युंग इन्स्टिट्यूटसाठी विकत घेतलं गेलं, बाकीची कैरोत, मधे राजकारण, आणि ज्या मोजक्या अभ्यासकांच्या हाती मजकूर होता ते दुसऱ्यांना दाखवेनात. संपूर्ण इंग्रजी भाषांतर 1977 ला आलं. बर्लिनच्या पुस्तकाची गोष्ट त्याहून वाईट, ते 1896 ला कैरोत विकत घेतलं, 1912 ला छपाई होत आली होती तर छापखान्यात पाण्याचा पाइप फुटून सगळं भिजलं, मग पहिलं महायुद्ध, मग संपादक कार्ल श्मिट वारले, मग दुसरं महायुद्ध, आणि शेवटी 'मरीयेचं गॉस्पेल' धरून ते 1955 मध्ये जर्मन भाषांतरासह बाहेर आलं.