वर्गणी आणि टक्केवारी

सोसायटीत ज्याला लॅपटॉप उघडता येतो त्याच्या गळ्यात उत्सवाच्या दिवसांत काय काय पडेल सांगता येत नाही. लाउडस्पीकरवाल्याचा हिशेब, आरतीची यादी, आणि २०२५ साली माझ्या बाबतीत वर्गणीचा क्यूआर कोड.

क्यूआर नवा कशाला, हा प्रश्न मीही विचारला. उत्तर सिंहगड इमारतीकडे होतं. आमच्या सोसायटीत शिवनेरी आणि सिंहगड अशा दोन इमारती आणि दोघींचं मिळून एक मंडळ, ‘Shivneri & Sinhagad Utsav Mandal’. आदल्या वर्षी सरचिटणीसांच्या भाच्याने क्यूआर केला होता. तो स्कॅन केला की मोबाइलवर पैसे घेणाऱ्याचं नाव नुसतं ‘Shivneri’ यायचं. सिंहगडच्या मंडळींनी ते बघून खिशात हात घालायचं बंद केलं. "गणपती त्यांचा, मोदक त्यांचे, तर पैसेही त्यांचेच," असा तिथे ठराव झाला म्हणे.

भाच्याची नियत साफ होती. घोळ केला तो ‘&’ ने. यूपीआयच्या क्यूआरमध्ये जादू काही नसते, एका ओळीचा मजकूर असतो: सुरुवातीला `upi://pay?`, मग `pa` म्हणजे पैसे जाणार तो यूपीआय पत्ता, `pn` म्हणजे घेणाऱ्याचं नाव, `cu` म्हणजे चलन आणि `tn` म्हणजे टीप. रक्कम ठरलेली असेल तर `am`. आमची वर्गणी ऐच्छिक, म्हणून ते घातलंच नाही. या सगळ्यांच्या मधली भिंत म्हणजे ‘&’. नावातच ‘&’ आला की अॅपला वाटतं नाव संपलं, आता पुढची बाब. म्हणजे शिवनेरी हे नाव, आणि सिंहगड ही कुठलीतरी अनोळखी बाब, सोडून द्या.

उपाय असा की नावातला ‘&’ वेष पालटून पाठवायचा: `%26`. मोकळी जागा `%20`. भाच्याने वेष पालटलाही होता, पण चुकीच्या शिंप्याकडून. जावास्क्रिप्टमध्ये दोन शिंपी आहेत:

```
encodeURI("Shivneri & Sinhagad")
Shivneri%20&%20Sinhagad

encodeURIComponent("Shivneri & Sinhagad")
Shivneri%20%26%20Sinhagad
```

पहिला सबंध पत्ता समोर आहे असं धरून चालतो, म्हणून ‘&’ ला हात लावत नाही. एकट्या नावासाठी दुसराच लागतो, आणि तोही नावाला आणि टिपेला वेगवेगळा लावायचा, अख्ख्या ओळीला नव्हे.

"एवढा खटाटोप कशाला, फुकट वेबसाइट आहेत की," असं अध्यक्ष म्हणाले. अध्यक्षांचा मान राखून त्यांनी सुचवलेल्या दोन वेबसाइट बघितल्या. पहिलीने मोकळ्या जागेच्या ठिकाणी अधिकचं चिन्ह घातलं. वेबच्या फॉर्ममध्ये ती रीत चालते, पण इथे काही अॅप अधिकाला अधिकच समजतात, आणि मंडळाचं नाव बीजगणितातल्या उदाहरणासारखं दिसू लागतं. दुसरीने मी आधीच बदललेला मजकूर पुन्हा बदलला. `%20` मधल्या टक्क्याचाच `%25` झाला आणि हाती आलं `%2520`. ओळीत कुठे `%25` दिसलं आणि मूळ मजकुरात टक्का नव्हता, तर ओळखावं की दोनदा रंग दिला गेलाय.

नाव मार्गी लागलं. मग टीप. टीप मराठीतच हवी, यावर सभेत दुर्मीळ असं एकमत झालं. ‘वर्गणी’ एवढा एक शब्द मी घातला आणि ओळ सभेला दाखवली:

```
upi://pay?pa=mandal@bank&pn=Shivneri%20%26%20Sinhagad%20Utsav%20Mandal&cu=INR&tn=%E0%A4%B5%E0%A4%B0%E0%A5%8D%E0%A4%97%E0%A4%A3%E0%A5%80
```

(यूपीआय पत्ता इथे बदलला आहे. नाहीतर वाचकांची वर्गणी यायची, आणि पावत्या फाडायला मीच.)

"शेवटी हे काय घाण झालंय?" खजिनदार काकांनी विचारलं. ती घाण म्हणजे ‘वर्गणी’. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि प्रत्येक बाइट टक्का अधिक दोन अक्षरं असा लिहायचा. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. आणि चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे: व, र, हलन्त, ग, ण, आणि वेलांटी असे सहा. आपल्याला दिसतात तीन अक्षरं, जागा अडते चोपन्न.

काकांना ते पटलं, अध्यक्षांना नाही. त्यांना टिपेची सुरुवात ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’ अशी हवी होती. हिशेब करून दाखवला: ‘श्री’ एकटा छत्तीस जागा खातो, ‘प्रसन्न’ त्रेसष्ट, दोन्हीकडचे दंड नऊ-नऊ. मधल्या जागा धरून हे मंगलाचरण १६५ चं. नुसत्या ‘वर्गणी’ची ओळ १३५ जागांची होती, ती आता ३०३ वर गेली.

तर काय बिघडलं? बिघडतं ते लिफ्टशेजारच्या स्टिकरवर. मजकूर वाढला की क्यूआरमधले चौकोन वाढतात. साध्या बाइट पद्धतीत, कोड थोडा खराब झाला तरी वाचता यावा म्हणून असते त्या दुरुस्तीची मधली पातळी ‘एम’ ठेवली, तर १३५ जागांना ४९ गुणिले ४९ चौकोनांचा कोड पुरतो; ३०३ ला ६९ गुणिले ६९ लागतो. भोवती चार-चार चौकोनांचा पांढरा काठ सोडावा लागतो. स्टिकर पाच सेंटिमीटरचा, म्हणजे एक चौकोन पाऊण मिलिमीटरहूनही बारीक. त्यात आमच्या लिफ्टसमोरचा दिवा वर्षातून गणपतीतच लागतो. दोन्ही छापून आणले. छोटा लगेच लागला. मंगलाचरणवाल्यासमोर अध्यक्ष स्वतः मोबाइल पुढे-मागे करत इतका वेळ उभे राहिले, की आल्यागेल्याला वाटावं ते ओवाळतायत. मग तेच म्हणाले, "प्रसन्न तो असतोच. काढा."

नवा क्यूआर घेऊन सिंहगडात गेलो. स्कॅन केला, टीप मराठीत झकास उमटली, आणि नाव आलं: ‘SINHAGAD UTSAV MANDAL’. शिवनेरी गायब! ओळ पुन्हा तपासली, एकही टक्का इकडचा तिकडे नव्हता. कारण निराळंच निघालं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ३० जून २०२५ पासून अॅपना सांगितलंय की क्यूआरमधलं नाव दाखवायचं नाही, बँकेच्या दप्तरी नोंदलेलंच दाखवायचं. फसवणूक रोखायला नियम उत्तमच आहे. कुणीही `pn` मध्ये काहीही लिहू शकतो. पण आमचं खातं उघडलं तेव्हा शिवनेरीचा पायाही खणला नव्हता. सिंहगडने त्या दिवशी भरभरून वर्गणी दिली. शिवनेरीत सरचिटणीस राहतात, तिकडे तेच गेले.

बँकेत नाव बदलायला ठराव, सह्या आणि शिक्के घेऊन खजिनदार काका गेले. येताना खात्याचा उतारा घेऊन आले आणि माझ्यासमोर धरला. टिपेच्या रकान्यात प्रत्येक वर्गणीसमोर नुसती प्रश्नचिन्हं. अॅपला मराठी कळली होती, बँकेच्या उताऱ्याला नाही. आम्ही देणगीचा क्यूआर वेगळा केला होता, आता कुठली रक्कम कशाची हे ओळखायचं कसं, या काळजीत मी पडलो.

काका मात्र पेन्सिल घेऊन निवांत खुणा करत होते. "तूच सांगितलंस ना सभेत? ‘वर्गणी’ची चिन्हं सहा. ‘देणगी’ची मी मोजली, पाच. सहा प्रश्नचिन्हं दिसली की वर्गणी, पाच दिसली की देणगी. आणि ते महाप्रसादाचं वेगळं करणार असशील ना, तर खुशाल कर. त्याची नऊ होतात."